ळ ला किती गुण द्यायचे?

इंग्रजी स्क्रॅबल खेळून झाल्यावर घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : असा खेळ मराठीत का नाही करायचा? अक्षरे कापायची, पट आखायचा, झाले. पण कात्री हातात घेतली की लगेच अडायला होते. क च्या सोंगट्या किती कापायच्या? का, कि, की यांच्या वेगळ्या कापायच्या की नाही? ळ ला किती गुण द्यायचे आणि क्ष ला किती?

या प्रश्नांची उत्तरे मोजून काढता येतात. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात नेमके हेच केले. मंदीत नोकरी गेलेली असताना त्याने वर्तमानपत्रांची पाने घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजदाद केली. त्यावरून शंभर सोंगट्यांचा संच ठरला. सतत दिसणाऱ्या E च्या बारा सोंगट्या आणि प्रत्येकीला एक गुण, क्वचित दिसणाऱ्या Q आणि Z ची एकेकच सोंगटी आणि तिला दहा गुण. मराठीसाठी मोजणीची रीत तीच चालते. फरक असा, की मोजायला बसण्याआधी आपल्याला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात आणि इंग्रजीत त्यांतली पहिली मुळी उद्भवतच नाही.

१. एका सोंगटीवर काय लिहायचे?

मराठी शब्दकोड्यात एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसते. ‘महाराष्ट्र’ लिहायचे तर म, हा, रा, ष्ट्र असे चार चौकोन लागतात. कोडे सोडवणाऱ्याच्या हातात पेन असते, म्हणून हे जमते. सोंगट्यांच्या खेळात मात्र हीच रीत वापरायची ठरवली तर बत्तीस व्यंजने गुणिले बाराखडी, म्हणजे पावणेचारशेहून अधिक सोंगट्या होतात आणि त्यांत जोडाक्षरे आलेलीच नाहीत. हातात ‘ष्ट्र’ आले तर माणूस डाव संपेपर्यंत ते धरून बसेल.

दुसरी रीत म्हणजे काना, वेलांटी, उकार यांच्या वेगळ्या सोंगट्या करायच्या. मग हातातल्या सातांपैकी तीन सोंगट्या नुसत्या मात्रांच्या येतात, आणि व्यंजनाखेरीज मात्रा कुठेच बसत नाही.

मला तिसरी रीत योग्य वाटते. सोंगटीवर फक्त व्यंजन छापायचे आणि मात्रा मोकळी ठेवायची. सोंगटी प्लास्टिकची असली की पुसता येणाऱ्या पेनाने तिच्यावर काना-मात्रा लिहिता येते. एकदा लिहिलेली मात्रा डावभर कायम. आडव्या शब्दात ‘का’ असेल तर त्याच घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दातही ‘का’च असला पाहिजे. अनुस्वारही असाच पेनाने द्यायचा.

जोडाक्षर आले की पहिल्या व्यंजनाचा पाय मोडायचा आणि पुढचे व्यंजन शेजारच्या घरात ठेवायचे. ‘महाराष्ट्र’ आता म, हा, रा, ष्, ट्, र अशी सहा घरे घेतो. रफार असो, रकार असो किंवा ‘तऱ्हा’मधला अर्धा र असो, सोंगटी एकच, र ची. अपवाद फक्त क्ष आणि ज्ञ यांचा, त्यांना स्वतंत्र सोंगटी. ज्ञ फोडला तर ज् आणि ञ होतात आणि मराठीत एरवी जवळजवळ न लागणाऱ्या ञ साठी एक सोंगटी करावी लागते. ङ चेही तसेच. ‘वाङ्मय’ सोडला तर तो भेटत नाही. दोघांनाही संचाबाहेर ठेवलेले बरे.

स्वरांचे काय? सावरकरांच्या लिपिसुधारणेत अ ची बाराखडी होती : अि, अी, अु, अे. लिपीत ती सार्वत्रिक झाली नाही, पण या खेळाला ती चपखल बसते. एकच ‘अ’ ची सोंगटी करायची आणि तिच्यावर कोणतीही मात्रा द्यायची. ‘आई’ म्हणजे अ च्या दोन सोंगट्या, ‘ऊस’ म्हणजे अ आणि स, ‘ऋण’ म्हणजे अ आणि ण. औ किंवा ऋ हातात अडकून पडण्याची भीती राहत नाही.

आता सोंगट्यांचे प्रकार मोजू. ङ आणि ञ वगळून बत्तीस व्यंजने, शिवाय क्ष, ज्ञ आणि अ. एकूण पस्तीस प्रकार. शंभराच्या संचात हे आरामात मावतात.

२. एक उतारा मोजून पाहू

पुढचा छोटा उतारा घ्या.

पावसाळा सुरू झाला की गावातल्या बायका शेतात भाताची लावणी करायला जातात. सकाळी लवकर चिखल तुडवत त्या रोपे उपटतात आणि दुपारी बांधावर बसून भाकरी खातात. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा चूल पेटवायची असते.

एकतीस शब्द आहेत. आपल्या रीतीने मोजले तर ९५ व्यंजने आणि ४ सुटे स्वर भरतात, म्हणजे एकूण ९९ सोंगट्या. यांत त १४ वेळा येतो. त्याच्यामागे र ९ वेळा, व आणि ल प्रत्येकी ८ वेळा, क आणि य प्रत्येकी ७ वेळा. ण दोनदाच.

या आकड्यांवरून संच कापायला घेतला तर शंभरात चौदा सोंगट्या त च्या होतील. पण हे त कुठून आले ते जवळून पाहू. ‘जातात’मध्ये दोन, ‘उपटतात’मध्ये दोन, ‘खातात’मध्ये दोन. ‘शेतात’चा शेवटचा, ‘गावातल्या’चा, ‘तुडवत’चा शेवटचा आणि ‘असते’चा. हे दहा त प्रत्ययांचे आहेत. शब्दाचा स्वतःचा म्हणावा असा त फक्त शेत, भात, तुडवणे आणि ‘त्या’ यांत आहे. चौदांतले चार. य चीही हीच गत आहे. गावातल्या, आल्यावर, करायला यांतला य व्याकरणाने आणलेला आहे.

म्हणून कुणी म्हणेल, उतारा नको, शब्दकोश मोजू. तेही करून बघू. याच एकतीस शब्दांची कोशातली रूपे घ्या : झाला ऐवजी होणे, गावातल्या ऐवजी गाव, जातात ऐवजी जाणे, आल्यावर ऐवजी येणे, असते ऐवजी असणे. त खरोखरच चौदावरून चारावर येतो. य सातावरून दोनावर येतो. पण ण दोनावरून बारावर उडी मारतो! कारण मराठी कोशात क्रियापद ‘णे’ लावून नोंदवण्याची पद्धत आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून क्रियापदे याच रूपात दिसतात. उताऱ्यातल्या दहा क्रियापदांनी दहा ण आणले.

दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली वापरातली भाषा मोजते, दुसरी कोशाची रचना. खेळाला हवे असते तिसरेच : पटावर जे शब्द मांडता येणार आहेत त्यांतली अक्षरे. म्हणून मोजणीआधी ठरवायची दुसरी गोष्ट म्हणजे कोणते शब्द चालतील हा नियम.

३. नियम आधी, मोजणी नंतर

समजा विभक्तीची रूपे चालतात. मग पटावर ‘नदी’ असले की त्याच्यापुढे त ठेवून नदीत, ल ठेवून नदीला, च ठेवून नदीचा, न ठेवून नदीने. पेनाने मात्रा द्यायची, झाले. जवळपास प्रत्येक नामापुढे ही चार अक्षरे चिकटतात. इंग्रजीत S चे हेच दुखणे आहे. बहुतेक नामांना तो लावला की अनेकवचन होते. वारंवारितेने S च्या सहाएक सोंगट्या व्हायला हव्या होत्या, पण बट्सने चारच ठेवल्या, त्या खेळ सोपा होऊ नये म्हणून.

मराठीत एका S ऐवजी चार-पाच अक्षरे तसे वागणार असतील तर सोंगट्या कमी करून भागणार नाही. माझे मत स्पष्ट आहे : विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागलेली रूपे बाद. लिंग-वचनाची रूपे मात्र खुशाल चालू द्यावीत, कारण मोकळ्या मात्रेमुळे त्यांना बहुधा वेगळी सोंगटी लागतच नाही. घोडा, घोडी, घोडे हे तिन्ही घ आणि ड या दोनच सोंगट्यांचे आहेत. क्रियापद धातुरूपात चालेल, कर, बस, ऊठ असे. आणि ‘णे’ लावूनही चालेल. ण त्यामुळे आपला S ठरतो. मोजताना ‘णे’ काढून धातूच मोजायचा आणि ण च्या सोंगट्या मोजून दोनच ठेवायच्या.

या नियमाने आपला उतारा पुन्हा मोजला तर ६८ व्यंजने आणि ४ स्वर, एकूण ७२ अक्षरे उरतात. र ७, क, व, स, प प्रत्येकी ६, त, ल आणि अ प्रत्येकी ४, ळ आणि ब प्रत्येकी ३, ण पुन्हा दोनावर. आता र च्या सोंगट्या काढायच्या तर साधे त्रैराशिक : ७२ मध्ये ७, तर ९८ मध्ये किती? साडेनऊ. (शंभरातल्या दोन सोंगट्या कोऱ्या ठेवायच्या, त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात.)

४. किती मोजले म्हणजे पुरे?

साडेनऊ हा आकडा मात्र घेऊ नका. उताऱ्यात पुन्हा एकदा म शोधून बघा. एकतीस शब्दांत म एकदाही नाही! मी, माझा, मन, मला, माणूस यांच्या भाषेत म ची सोंगटी शून्य ठरत असेल तर नमुनाच तोकडा आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका हंडीतली सगळी शिते सारखीच शिजलेली असतात. अक्षरे तशी नसतात. शेतीचा उतारा भ आणि ळ जास्त देतो, कायद्याचा उतारा क्ष आणि ष.

नमुना किती मोठा हवा याचा एक सोपा अंदाज आहे. एखादे अक्षर जितक्या वेळा सापडले त्या संख्येचे वर्गमूळ काढा. साधारण तितका चढउतार नुसत्या योगायोगाने होऊ शकतो. चार वेळा सापडलेले अक्षर दुसऱ्या तेवढ्याच उताऱ्यात दोनदा किंवा सहादा सापडू शकते. शंभर वेळा सापडलेले नव्वद ते एकशेदहाच्या आसपास राहते. आता शंभरात एकदा येणारे अक्षर शंभर वेळा दिसायचे तर दहा हजार अक्षरे मोजावी लागतात. आपल्या एकतीस शब्दांनी बहात्तर अक्षरे दिली, त्या हिशेबाने सुमारे ४,३०० शब्द. आणि हे शब्द वेगवेगळे हवेत. ‘आणि’ चारशे वेळा आला तरी पटावर तो एकच शब्द आहे, म्हणून प्रत्येक शब्द एकदाच मोजायचा.

नमुना पुरेसा झाला की नाही हे तपासायचे असेल तर शब्दांची यादी दोन भागांत वाटून दोन्ही वेगवेगळे मोजा. वरची दहा अक्षरे दोन्हीकडे जवळपास सारखीच येतील. खालच्या अक्षरांकडे बघा. एका भागात छ हा ढ च्या वर आणि दुसऱ्यात खाली असेल, तर त्यांना वेगळे गुण देण्याइतका पुरावा तुमच्याकडे अजून नाही.

मोजणी संगणकावर केली तर काम मिनिटाचे होते, फक्त तो अक्षरे कशी साठवतो हे माहीत हवे. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष. पक्ष, लक्ष, साक्ष हे सगळे ष च्या खात्यात जमा होतात आणि ष उगाच नेहमीचा वाटू लागतो. म्हणून क्ष आणि ज्ञ आधी बाजूला काढून मग उरलेली अक्षरे मोजायला सांगावे. ‘तऱ्हा’मधला ऱ त्याच्याकडे र पेक्षा वेगळा नोंदलेला असतो, तो र मध्ये मिळवायचा. आणि अ ते औ हे सगळे स्वर एकाच खात्यात टाकायचे.

५. गुण : दुर्मीळ म्हणजे अवघड नव्हे

सोंगट्यांची संख्या वारंवारितेवरून सरळ निघते. गुण तसे काढता येत नाहीत. इंग्रजीत E हा Z च्या शंभरपटीहून अधिक वेळा येतो. त्याच प्रमाणात गुण दिले असते तर Z ला शंभराहून अधिक मिळाले असते आणि ज्याच्या हाती Z त्याचा डाव, असे झाले असते. म्हणून प्रमाण दाबून एक ते दहात बसवावे लागते. सोपी रीत अशी : सर्वांत वापरातल्या अक्षरांना एक गुण, आणि वारंवारिता निम्मी होत जाईल तसतशी एकेक पायरी चढायची. एक, दोन, तीन, मग पाच, मग आठ, शेवटी दहा.

या पायऱ्या म्हणजे निव्वळ सुरुवात. खेळणाऱ्याला अडचण येते ती अक्षर बसवायला जागा मिळत नाही याची, आणि ती दुर्मीळपणापेक्षा वेगळी गोष्ट आहे.

ळ पाहा. मराठीत तो चिकार आहे : बाळ, वेळ, फळ, खेळ, गूळ, डोळा. वारंवारितेने त्याला दोन गुण पुरेत. पण ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ण चेही तेच. पटाच्या डाव्या कडेच्या घरातून आडवा किंवा वरच्या कडेच्या घरातून उभा शब्द या अक्षरांनी सुरू करता येत नाही, आणि त्यांच्याआधी काहीतरी असावेच लागते. म्हणून दोघांनाही एक पायरी वर, तीन गुण.

उलट बाजूला क्ष. उताऱ्यात तो एकदाही आला नाही, मोठ्या मोजणीतही तळालाच राहील. आता सोबत एकच सोंगटी घेऊन क्ष चे शब्द करा : पक्ष, लक्ष, दक्ष, कक्षा, रक्षा, दीक्षा, शिक्षा, मोक्ष, साक्ष, अक्ष, क्षण, क्षमा, क्षय. श, स, प, ल, द, र, म, य, ण, अ, काहीही सोबत असले तरी शब्द होतो. क्ष दुर्मीळ आहे, अवघड मात्र मुळीच नाही. त्याला दहा गुण देणे म्हणजे ते फुकट वाटणे. आठवर आणायचा.

म्हणून दुसरी एक यादी करावी. प्रत्येक अक्षर घेऊन दोन आणि तीन सोंगट्यांचे किती शब्द होतात ते मोजायचे. वारंवारितेच्या क्रमात आणि या क्रमात अक्षर जिथे फार पुढेमागे असेल तिथेच गुण एक पायरी हलवायचा, बाकी ठिकाणी नाही.

याच यादीने मोकळ्या मात्रेची किंमतही कळते. म आणि ळ या दोन सोंगट्यांचे शब्द पाहा : मळ, मळा, माळ, माळा, माळी, मूळ, मुळा, मुळी, मेळ, मेळा, मोळी. दोन सोंगट्यांत अकरा शब्द! इतकी मोकळीक असताना दोन अक्षरांच्या शब्दांनाच पूर्ण गुण मिळाले तर कुणी मोठा शब्द शोधणार नाही. पट चुरशीचा ठेवायचा तर चार किंवा अधिक घरांच्या शब्दांना जादा गुण द्यावेत. प्रत्येक अक्षराचे गुण वाढवून हा दोष जात नाही.

६. पहिला आराखडा

या सगळ्या विचारातून मी मांडलेला संच असा आहे. याला मोजणीचा अंतिम निकाल समजू नका. तो खेळून तपासण्यासाठीचा मसुदा आहे.

१ गुण : र ७, क, त, अ प्रत्येकी ६, न, ल, स, म, प, व प्रत्येकी ५
२ गुण : य, ग, द, ब, च प्रत्येकी ३, ज, ह, ट प्रत्येकी २
३ गुण : ण, ळ, ड, श, भ प्रत्येकी २
५ गुण : ख, ध, थ, घ, ठ, फ प्रत्येकी १
८ गुण : झ, छ, ढ, ष, क्ष प्रत्येकी १
१० गुण : ज्ञ १
कोऱ्या : २

बेरीज शंभर सोंगट्या आणि २०७ गुण. इंग्रजी संचातल्या शंभर सोंगट्यांची बेरीज १८७ आहे, म्हणजे आपण फार दूर गेलेलो नाही. ज आणि ड च्या सोंगट्या दोन-दोनच असून गुण वेगळे का, असे विचाराल. सोंगट्या अर्ध्यामुर्ध्या कापता येत नाहीत. सव्वादोनाचे दोन होतात आणि पावणेदोनाचेही दोनच. हा लपलेला फरक गुणांत दाखवायचा.

छपाईला देण्याआधी हा संच पुठ्ठ्यावर करून खेळा आणि प्रत्येक डावानंतर दोन गोष्टी वहीत लिहा. शेवटी कुणाच्या हातात कोणती सोंगटी उरली, आणि पाच किंवा अधिक गुणांची सोंगटी उचलल्यावर ती किती पाळ्यांनी पटावर गेली. जी सोंगटी वारंवार हातात उरते तिचे गुण कमी पडताहेत. जी उचलल्या पाळीलाच खाली जाते तिचे जास्त झालेत. ज्ञ च्या दहा गुणांवर माझाच पूर्ण भरवसा नाही : आज्ञा, यज्ञ, संज्ञा, ज्ञान हे शब्द तसे सहज सुचतात. वीस-पंचवीस डावांच्या नोंदीत तोही पहिल्याच पाळीला जाताना दिसला, तर त्याला बिनदिक्कत आठवर आणा.